'हे समजावून सांगा' म्हणजे नेमकं काय सांगा?

गेल्या काही खरीप हंगामांपासून आमच्या संघटनेच्या फोनवर एक नवीन प्रकारचा निरोप येऊ लागला आहे. माती परीक्षणाच्या अहवालाचा फोटो आणि त्याखाली एक ओळ : 'ताई, हे समजावून सांगा.' पीक कोणतं, जमीन किती, पेरणी कधी, यातलं काही लिहिलेलं नसतं. बहुतेक वेळा पाठवणारीचं नावही नसतं, कारण फोन मुलाचा किंवा दिराचा असतो आणि तो दहा मिनिटांसाठी हातात आलेला असतो.

असा निरोप आला की आपल्यापैकी शिकलेल्या कार्यकर्त्या काय करतात ते मी पाहिलं आहे. त्या खरोखरच अहवाल समजावून सांगायला बसतात. सामू म्हणजे काय, विद्युत वाहकता म्हणजे काय, सेंद्रिय कर्ब कशाला म्हणतात, अशा बारा ओळींचं बारा परिच्छेदांत भाषांतर होतं. उत्तर चुकीचं नसतं, पण त्यातून बाईच्या हाती काही लागत नाही. तिने विचारलेलं असतं ते असं : 'घरात हा कागद आला आहे, यावरून मी माझ्या वावरात काय करायचं, कधी करायचं, आणि नवऱ्याला दुकानातून काय आणायला सांगायचं?' हा प्रश्न तिने तीन शब्दांत विचारला, कारण तिला तेवढाच वेळ मिळाला. आपण त्याला शब्दशः उत्तर देणं हा मला आळशीपणा वाटतो, मग ते उत्तर कितीही लांबलचक असो.

यावर आमच्याच बैठकीत एक आक्षेप आला होता. 'बाईला नुसत्या सूचना देणं म्हणजे तिला पुन्हा हुकमाची ताबेदार करणं नाही का? ज्ञान द्यायला नको का?' आक्षेप मला मान्य आहे, त्याचा क्रम मान्य नाही. आधी काम सांगावं आणि त्या प्रत्येक कामामागे एका वाक्यात कारण सांगावं. कारण कळलेली बाई पुढच्या वर्षी स्वतः ठरवू शकते. व्याख्या पाठ झालेली बाई दुकानदारापुढे तशीच उभी राहते.

हे कसं करायचं ते एका खऱ्या कागदावरूनच सांगते. मराठवाड्यातल्या एका गावातून मे महिन्याच्या शेवटी फोटो आला. कागद म्हणजे २०१५ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेतली मृदा आरोग्य पत्रिका. तिच्यात बारा गोष्टींची मोजणी असते. पत्रिका नवऱ्याच्या नावावर, फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला, आणि कागदाची घडी नेमकी खालच्या ओळींवर पडलेली. म्हणून पहिलं काम असतं फोटो वाचता येतो का ते पाहण्याचं. जस्ताच्या ओळीत मला '४८' असं दिसत होतं आणि दशांश चिन्ह घडीत गेलेलं होतं. ते ०.४८ असेल तर जमिनीत जस्त कमी आहे, ४.८ असेल तर भरपूर आहे. म्हणजे एका ठिपक्यावर जस्ताची पिशवी आणायची की नाही हे ठरणार होतं. अशा वेळी अंदाज करू नये. मी लिहिलं, 'वहिनी, कागद सपाट ठेवा, दिवसा सावलीत धरा, चारही कोपरे येऊ द्या आणि मागची बाजूही पाठवा. आधार नंबर छापलेला असेल तर त्यावर बोट ठेवून फोटो काढा.' ही शेवटची सूचना मी हल्ली प्रत्येकीला करते, कारण हे फोटो पुढे गावभर ग्रुपमध्ये फिरतात.

दुसऱ्या दिवशी नीट फोटो आला. जस्त ०.४८ होतं आणि त्याच्यापुढे 'कमी' असा शेरा होता. संख्या आणि शेरा एकमेकांशी जुळतात का हे पाहण्याची सवय लावून घ्यावी, त्यात बरेचसे वाचनाचे घोटाळे पकडले जातात.

बाकीचे आकडे असे होते : सामू ८.२, क्षारता ०.३१, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, हेक्टरी नत्र १५४ किलो, स्फुरद ९.२ किलो, पालाश ४३६ किलो, गंधक ८.१, लोह ३.६, आणि मंगल, तांबे, बोरॉन पुरेसे. हे वाचायला जी मोजपट्टी वापरतात ती फार मोठी नाही. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली म्हणजे कमी. नत्र २८० च्या खाली कमी, स्फुरद १० च्या खाली कमी, पालाश २८० च्या वर भरपूर. गंधक १० च्या खाली, जस्त ०.६ च्या खाली आणि लोह ४.५ च्या खाली गेलं की कमतरता धरतात. म्हणजे या वावराची तक्रार एका वाक्यात सांगता येते : काळी, चुनखडीकडे झुकणारी जमीन, पालाश भरपूर, पण कर्ब, स्फुरद, गंधक, जस्त आणि लोह कमी.

पण एवढ्यावर काम सांगता येत नाही. मी तिला तीनच प्रश्न विचारले. या वावरात काय पेरणार आणि किती एकरांत? पाणी आहे का? खत आणून ठेवलं आहे का, ठेवलं असेल तर कोणतं? तीनाहून जास्त प्रश्न विचारले की उत्तरच येत नाही, फोन परत गेलेला असतो. आणि हे प्रश्न विचारताना हातात असलेलं उत्तर अडवून ठेवू नये. पीक काहीही असलं तरी जे खरं आहे ते मी त्याच निरोपात सांगून टाकलं : क्षारता कमी आहे, म्हणजे जमीन खारवटलेली नाही, चुना टाकायचा नाही आणि कोणी जिप्सम विकायला आलं तर घ्यायचं नाही. सामू आठाच्या वर दिसला की जिप्सम गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत. सामू साडेआठाच्या पुढे गेला असेल आणि जमीन चोपण होत असेल, म्हणजे पाऊस पडला की चिकट गारा आणि वाळली की दगड, तर जिप्समचा विचार करावा. ८.२ सामू ही मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीची रोजची गोष्ट आहे.

तिचं उत्तर संध्याकाळी आलं. दोन एकर, कोरडवाहू, सोयाबीन. खत आणायला 'हे' सोमवारी जाणार आहेत आणि पत्रिकेच्या मागे लिहिलंय तसं आणणार आहेत.

मला सगळ्यात जास्त भीती या वाक्याची वाटते. पत्रिकेवर पिकाप्रमाणे खतांची शिफारस छापलेली असते आणि ती हेक्टरी असते. आपल्याकडे हेक्टरात कोणी बोलत नाही. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. तिच्या पत्रिकेवर सोयाबीनसाठी सिंगल सुपर फॉस्फेट ३७५ किलो, युरिया ६५ किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश ५० किलो असं होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची सोयाबीनची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश अशी आहे, तिचंच हे खतांत केलेलं रूप. हा आकडा एकराचा समजून दोन एकरांसाठी आणला तर सुपर फॉस्फेटच्या पंधरा गोण्या घरात येतील. खरी गरज आहे सहाची. नऊ गोण्यांचे पैसे उधारीवर चढतात आणि ती उधारी ज्या सोयाबीनमधून फिटते ते कापायला कोण वाकतं हे सांगायला नको. म्हणून हेक्टरी आकडा कधीही तसाच पुढे पाठवू नये. आधी अडीचने भागावं, मग तिच्या एकरांनी गुणावं, आणि मग किलोच्या गोण्या करून सांगावं. गोणीचंही वजन पाहावं लागतं. सुपर फॉस्फेटची गोणी पन्नास किलोची आहे, पण युरियाची २०१८ पासून पंचेचाळीसची झाली. जुन्या हिशोबाने बोलणारे अजून खूप आहेत.

आता एकेका गोष्टीचा निर्णय. पत्रिकेत नत्रासमोर लाल अक्षरांत 'कमी' होतं. आपल्या भागातल्या बहुतेक पत्रिकांवर ते असतं, कारण कर्ब कमी तिथे नत्र कमी. ते वाचून घरातला माणूस युरिया वाढवतो. सोयाबीनला हे उलटं पडतं. सोयाबीनच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र घेऊन झाडाला देतात. सुरुवातीला भरमसाट युरिया मिळाला तर झाड गाठी कमी करतं, पाला माजतो, शेंगा त्या मानाने येत नाहीत. म्हणून दोन एकरांना मिळून पेरणीच्या वेळी युरियाची एक गोणी, त्यापुढे एक किलोही नाही. हिशोबाने बावन्न किलो येतात, पण सात किलोंसाठी दुसरी गोणी फोडायला लावणं मला पटत नाही. त्याऐवजी बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत लावावं, प्रत्येकी दहा किलो बियाण्याला पाव किलो. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू खत शेवटी, आणि बी सावलीत वाळवून त्याच दिवशी पेरायचं. उन्हात ठेवलं तर जिवाणू मरतात आणि पाकिटाचे पैसे वाया.

स्फुरद ९.२ म्हणजे 'कमी'. कमी असेल तर शिफारशीच्या सव्वापट द्यावं, भरपूर असेल तर पाव हिस्सा कमी करावं, असा सर्वसाधारण नियम वापरतात. त्या नियमाने एकरी तीनऐवजी पावणेचार गोण्या होतात. इथे मी नियम मोडला. कमी आणि मध्यम यांच्यातली रेघ दहावर आहे आणि हा आकडा नऊच्या वर आहे. प्रयोगशाळेतल्या दोन मोजण्यांत एवढा फरक सहज पडतो. रेघेच्या जरासं अलीकडे आहे म्हणून कोरडवाहू शेतकरणीला दीड गोणी जास्त घ्यायला लावू नये. एकरी तीन गोण्याच द्याव्यात, पण फेकून नाही, ओळीत, बियाण्याच्या खाली दोन-तीन बोटं. चुनखडीच्या जमिनीत फेकलेलं स्फुरद मातीत अडकून पडतं, मुळापर्यंत पोचत नाही.

दुकानदार सुपर फॉस्फेटऐवजी डीएपी पुढे करतो. त्यात एकरी एक गोणीच्या आसपास पुरते, उचलायला सोपं. पण डीएपीत गंधक नसतं, आणि या वावरात गंधक कमी आहे. सुपर फॉस्फेटमध्ये शेकडा अकरा भाग गंधक असतं. एकरी तीन गोण्यांत साडेसोळा किलो गंधक आपोआप मिळतं, गरज एकरी आठ किलोची. गंधकाचं वेगळं खत घ्यायला नको. तेलबियांना गंधक लागतं, त्याने दाण्यातलं तेल वाढतं. हे सगळं खरं असलं तरी डीएपीच्या एका गोणीच्या जागी तीन गोण्या बांधावरून वावरात कोणी न्यायच्या, हा प्रश्न उरतोच. मी तो सरळ विचारला. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने पेरणार होते, तेव्हा खत यंत्राच्या पेटीतून जाणार होतं. तिफणीमागे ओटी बांधून चालायचं असतं तर मी कदाचित डीएपीची एक गोणी आणि वेगळं थोडं गंधक असं सांगितलं असतं. कागदावर दोन्ही सारखेच उभे राहतात, पण बाईच्या पाठीला फरक कळतो.

पालाश ४३६ म्हणजे भरपूर. नियमाप्रमाणे पाव हिस्सा कमी करून एकरी पंधरा किलो पोटॅश होतं. पैसे कमी पडले तर या वर्षी सोडून द्यायची वस्तू हीच. हे असं सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. यादी देताना तिच्यातलं आधी काय गाळायचं ते सांगितलं नाही, तर पैसे संपतात तिथे यादी तुटते, आणि बहुधा चुकीच्या जागी तुटते.

जस्त खरोखर कमी आहे. एकरी दहा किलो झिंक सल्फेट, म्हणजे दोन एकरांना वीस. ते सुपर फॉस्फेटमध्ये मिसळायचं नाही, कारण स्फुरद आणि जस्त एकत्र आले की दोन्ही अडकतात. शेणखतात मिसळून शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी पसरायचं. एकदा दिलं की दोन-तीन हंगाम पुरतं, म्हणून दर वर्षी विकत घ्यायचं नाही. ही शेवटची गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही.

शेणखताचं मात्र थांबून बोलायला हवं. कर्ब कमी दिसला की आम्ही सगळेच, सेंद्रियवाले तर विशेष आनंदाने, लिहून मोकळे होतो : हेक्टरी पाच टन शेणखत. दोन एकरांचे ते चार टन होतात. वीस किलोची पाटी धरली तर दोनशे पाट्या. ट्रॉली बांधापर्यंत येते. बांधापासून पुढे वावरभर ते डोक्यावरून जातं, आणि ते डोकं कोणाचं असतं? शिवाय एका गायीच्या घरात चार टन शेणखत येणार कुठून? ज्या सूचनेने बाईच्या अंगावर दोनशे खेपा चढतात ती सूचना 'सोपी' म्हणून लिहिणाऱ्याने एकदा ती पाटी उचलून पाहावी. मी तिला सांगितलं, घरात असेल तेवढं, एक गाडी असली तरी चालेल, तीत झिंक सल्फेट मिसळा. आणि कर्बासाठी या वर्षीचं काम पुढे ढकला : मळणी झाली की सोयाबीनचं भूस जनावरांना लागेल तेवढं ठेवून बाकीचं पेटवू नका, वावरातच पसरून कुळवाखाली जाऊ द्या. कर्ब एका वर्षात वाढत नसतो. मळणीयंत्र वावरातच उभं करून घेतलं तर वाहून नेण्याचं कामही वाचतं.

लोहाचं मी पेरणीआधी काहीच करायला सांगितलं नाही. चुनखडीच्या जमिनीत जमिनीतून दिलेलं लोह लवकर निरुपयोगी होतं, आणि आकडा कमी असूनही पाऊस बेताचा झाला तर झाड निभावून नेतं. म्हणून थांबायचं आणि पाहायचं. साधारण तीन आठवड्यांनी, विशेषतः पाणी साचून गेल्यावर, शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडली आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहिल्या, तर ते लोह. दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम हिराकस आणि दहा ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून संध्याकाळी फवारावं आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. हिराकस हिरवट असावं. तांबूस पडलं असेल तर दुकानात परत करावं. पण पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर असेल तर तो लोहाचा नाही, नत्राचा. तेव्हाही लगेच युरिया फेकायचा नाही. महिन्याभराचं एक झाड खुरप्याने मुळासकट अलगद काढायचं, मुळांवरच्या गाठी नखाने फोडायच्या. आत गुलाबी रंग असेल तर गाठी काम करताहेत. पांढऱ्या किंवा हिरवट असतील, किंवा गाठीच नसतील, तर बियाण्याला लावलेलं जिवाणू खत लागू पडलेलं नाही, आणि तेव्हा थोड्या युरियाचा विचार करता येतो. ही परीक्षा खुरपणीला वाकलेल्या बाईला फुकटात करता येते, आणि तिच्यासाठी पत्रिकेची गरज नाही.

हे सगळं मी लिहून पाठवलं नाही. ती अक्षरओळख असलेली बाई आहे, पण फोनवरची बारीक अक्षरं वाचायला तिला मुलाची मदत लागते, आणि मुलगा वाचताना मधलं गाळतो. मी दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला, कामाच्या वेळेप्रमाणे लावलेला. तो साधारण असा होता :

'वहिनी, दोन एकरांचा हिशोब सांगते. सोमवारी आणायचं ते : सुपर फॉस्फेट सहा गोण्या, युरिया एक गोणी, झिंक सल्फेट वीस किलो, आणि जिवाणू खताची पाकिटं. पैसे उरले तर पोटॅश तीस किलो, नाही उरले तर राहू द्या, तुमच्या मातीत ते भरपूर आहे. पावसाआधी शेवटच्या पाळीला झिंक शेणखतात मिसळून पसरा, सुपर फॉस्फेटमध्ये मिसळू नका. पेरणीच्या दिवशी युरिया आणि सुपर फॉस्फेट त्याच वेळी एकत्र करा, आदल्या रात्री केलं तर ओलं होऊन यंत्रात अडकेल. खत बियाण्याला चिकटू देऊ नका, खाली पडू द्या. तीन आठवड्यांनी शेंडा पिवळा दिसला तर मला पानाचा फोटो पाठवा. आणि पत्रिकेवरचे आकडे हेक्टरचे आहेत, एकराचे नाहीत, हे घरात सगळ्यांना ऐकवा.'

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. खत विकत घेणारा वेगळा आणि टाकणारी वेगळी असते, तिथे उत्तर दोघांच्या कानी पडावं लागतं. तिने तो निरोप जेवताना सगळ्यांसमोर लावला, असं तिनेच नंतर कळवलं. 'मी सांगितलं असतं तर म्हणाले असते तुला काय कळतं,' हेही.

एक मर्यादा मात्र मोकळेपणाने सांगायला हवी, कारण तिच्यावर वरचा सगळा हिशोब उभा आहे. या योजनेच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रत्येक शेतातून नमुना घेतलेला नव्हता. बागायतीत अडीच हेक्टरांना एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक नमुना, असे चौकोन पाडले होते. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. एवढ्यात अनेक घरांची वावरं येतात आणि त्या सगळ्यांना एकाच नमुन्याचे आकडे मिळतात. म्हणून जुनी पत्रिका आली की विचारावं : 'तुमच्या वावरातून माती कोणी नेली होती का?' या बाईचं उत्तर होतं, 'आम्ही तर कोणाला पाहिलं नाही.' मग त्या आकड्यांवर किती विसंबायचं? काळ्या मातीच्या सलग पट्ट्यात सामू आणि पालाश यांत फार फरक पडत नाही. स्फुरद, जस्त आणि कर्ब मात्र कोणी किती खत घातलं यावर बदलतात. मी शिफारशीच्या वर कुठेही गेले नाही त्याचं हेही एक कारण होतं.

म्हणून सुगीनंतर स्वतःचा नमुना काढायचं ठरलं, आणि तो तिने काढायचा. वावर कसणारीला ते चांगलं जमतं, कारण कुठे पाणी साचतं, कुठे उकिरडा होता, कुठलं टोक हलकं आहे हे तिला माहीत असतं. चाळीस वर्षांपूर्वी, १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला बायका लोटल्या होत्या आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत पुष्कळ घरांत बाईच्या नावे जमीन चढली. या घरात ती चढलेली नाही. सातबारावर नाव नसलं तरी मातीचा नमुना काढायला ते लागत नाही.

पीक निघाल्यावर आणि पुढचं खत टाकण्याआधी काढायचा. वावरात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडायच्या. बांधालगत, झाडाखाली, जुन्या उकिरड्याच्या जागी आणि पाण्याच्या वाटेत नाही. वरचा काडीकचरा बाजूला सारून एक वीत खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, आतली माती काढून टाकायची आणि खड्ड्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची माती खरवडून घ्यायची. ती प्लॅस्टिकच्या घमेल्यात गोळा करायची. पत्र्याचं घमेलं किंवा बादली नको, तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि जस्ताचा आकडा खोटा वाढतो. खताच्या रिकाम्या गोणीत तर अजिबात नको. सगळी माती एकत्र करून, सावलीत वाळवून, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. कापडी पिशवीत ती भरून आत चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीवर गट नंबर, तारीख, निघालेलं पीक, पुढे घ्यायचं पीक, जमीन किती एकर आणि पाणी आहे की नाही. आणि खाली कसणाऱ्या बाईचं नाव, तिच्या हाती असतो त्या फोनचा नंबर.